थांबायचं कधी आणि घुसायचं कधी: टीम फोर्ट्रेस २ मधले सीटीएफ, किंग ऑफ द हिल आणि पेलोड

परत परत तेच बघायला मिळतं. स्कोअरबोर्डवर आपल्या टीमचे किल जास्त, तरी राउंड हरलेला, आणि चॅटमध्ये सगळे एकमेकांवर चिडलेले. बहुतेक वेळा नेम खराब नसतो, लोक तिन्ही मोड एकाच पद्धतीने खेळत असतात, म्हणजे स्पॉन झालं की धावत सुटायचं, पहिला दिसेल त्याच्याशी भिडायचं, मेलो की परत तेच. काही मोडमध्ये हे थोडंफार चालून जातं, काहींत अजिबात चालत नाही.

हा लेख टीम फोर्ट्रेस २ धरून लिहिलाय, कारण तिन्ही मोड एकाच गेममध्ये, त्याच नऊ क्लासेसने खेळता येतात, त्यामुळे फरक मोडमुळे पडतोय की हत्यारांमुळे हे लगेच कळतं. आकडे याच गेमचे आहेत, बारा विरुद्ध बारा धरून.

## टप्पा १: मॅच लोड होताना एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा, की आत्ता दोन्ही टीम्स नुसत्या उभ्या राहिल्या तर नुकसान कोणाचं होईल?

सीटीएफ म्हणजे कॅप्चर द फ्लॅगमध्ये कोणाचंच नाही. दोन्ही ब्रीफकेस आपापल्या जागी पडून राहतील, स्कोअर आहे तोच राहील. किंग ऑफ द हिलमध्ये मधला पॉइंट ज्याच्याकडे नाही त्याचं नुकसान, कारण समोरच्याचं घड्याळ उतरत चाललेलं असतं. आणि पेलोडमध्ये नुकसान कायम हल्ला करणाऱ्या ब्लू टीमचं, कारण घड्याळ फक्त त्यांच्यावर चालतं, रेड टीमने काही केलं नाही आणि कार्टही हलली नाही तर रेड जिंकते.

कधी जमून थांबायचं, कधी मेडिकची वाट न बघता घुसायचं, कोणी मागे राहायचं, सगळं या एका उत्तरावरून ठरतं. ज्याच्यासाठी थांबणं फुकट आहे त्याने घाई करू नये, आणि ज्याला थांबायची किंमत मोजावी लागते त्याने ती किती आहे हे घड्याळात बघून मगच थांबावं.

तपासणी: मॅपच्या नावाची सुरुवात बघा. `ctf_` म्हणजे ब्रीफकेस, `koth_` म्हणजे एक पॉइंट, `pl_` म्हणजे पेलोड. `plr_` दिसलं तर तो पेलोड रेस, तिथे दोन्ही टीम्सकडे कार्ट असते, त्याबद्दल इथे काही नाही.

## टप्पा २: क्लास घेण्याआधी कोण काय मोजतो ते बघा

तीन नियम आधी डोक्यात बसवा, यांच्यामुळे जिंकलेले राउंड हातातून जाताना मी कितीतरी वेळा बघितलेत.

पहिला, स्काउट पॉइंटवर आणि कार्टवर दोन माणसांइतका मोजला जातो. म्हणून किंग ऑफ द हिल आणि पेलोडमध्ये स्काउटचं काम फक्त मागून जाऊन मेडिक मारणं नाही, शेवटच्या क्षणी तो पॉइंटवर असला तर हिशोबच बदलतो.

दुसरा, उबर लागलेला, म्हणजे मेडिकने अभेद्य केलेला खेळाडू समोरच्याचं कॅप्चर अडवू शकतो, पण स्वतः पॉइंट कॅप्चर करू शकत नाही. कार्टलाही हेच लागू. हल्ल्यात उबर फक्त जागा रिकामी करायला आहे, त्या रिकाम्या जागेवर उभं राहायला साधा, मरू शकणारा माणूस लागतो, आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. उबर घेऊन दोघं घुसतात, आठ सेकंद सगळं साफ करतात, आणि मागून कोणीच येत नाही.

तिसरा, स्पाय वेष बदललेला किंवा अदृश्य असेल तर त्यालाही कोणी मोजत नाही. आपल्याच पॉइंटवर वेषात उभं राहून आपण अडवतोय असं समजू नका.

मेडिकचं गणितही इथेच सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. साधी मेडी गन जखमी माणसावर सतत लावून ठेवली तर उबर साधारण ४० सेकंदांत भरतो आणि ८ सेकंद टिकतो. पूर्ण ओव्हरहील झालेल्यावर लावून बसलात तर भरायचा वेग निम्मा होतो, म्हणून मेडिकने एकाच फुल हेल्थवाल्या हेवीला चिकटून राहायचं नसतं. आणि सेटअप टाइम असेल तर त्या वेळात उबर तिप्पट वेगाने भरतो.

## टप्पा ३: सीटीएफ, म्हणजे जायचा नाही तर परत यायचा रस्ता आधी ठरवा

काम सांगायला सोपं: समोरच्याच्या बेसमधून इंटेल म्हणजे ब्रीफकेस उचलायची आणि आपल्या इंटेलच्या जागी आणायची. साधारणपणे ३ कॅप्चर झाले की राउंड जिंकला.

दुसऱ्या गेममधून आलेले लोक दोन गोष्टींत हमखास फसतात. बऱ्याच गेममध्ये आपला फ्लॅग घरी नसेल तर समोरचा फ्लॅग कॅप्चर करता येत नाही, इथे येतो. आपली ब्रीफकेस चोरीला गेलेली असली तरी तुम्ही त्यांची आणून टाकलीत की पॉइंट मिळतो, म्हणून आणलेली ब्रीफकेस घेऊन घरात वाट बघत बसू नका. दुसरी गोष्ट, जमिनीवर पडलेल्या आपल्या ब्रीफकेसला हात लावून ती परत पाठवता येत नाही. ती पडली की ६० सेकंदांचा टायमर सुरू होतो, तो पूर्ण झाल्यावरच ती जागेवर जाते, आणि मधे समोरच्याने परत उचलली की टायमर पुन्हा पहिल्यापासून.

यावरून डिफेन्सचं काम कळतं. ब्रीफकेस घेऊन पळणारा मारला की लोक खूश होऊन पुन्हा पुढे पळतात, पण खरं काम तिथून सुरू होतं, ६० सेकंद ती जागा धरून ठेवायची. इंजिनिअर जवळ असेल तर पडलेल्या ब्रीफकेसपाशी सेन्ट्री लावावी, डेमोमॅन असेल तर त्याने तिच्याभोवती स्टिकी टाकून दूर उभं राहावं. समोरच्याला ती उचलायला तिथे यावंच लागतं, तुम्हाला त्याला शोधायला जायची गरज नाही.

आता हल्ल्याचा क्रम, टूफोर्ट धरून. तिथे ब्रीफकेस तळघरात आहे, आणि दोन बेसच्या मधे पूल आणि खाली पाणी.

१. आधी पाच-सहा जण मधल्या भागात दबाव टाकतात. यातला कोणी आत जायचा प्रयत्न करत नाही, त्यांचं काम समोरच्यांना पुलाकडे बघायला लावणं आणि वरच्या गॅलरीतल्या स्नायपर्सना व्यस्त ठेवणं.

२. दोघं-तिघं एकदम खाली शिरतात, एकटा नाही. एकट्या स्काउटने पळत जाऊन ब्रीफकेस उचलणं जमतं, घेऊन बाहेर येणं क्वचितच जमतं, कारण ती उचलल्याबरोबर दोन्ही टीम्सना घोषणा ऐकू जाते आणि पळणाऱ्याच्या मागे कागद उडत राहतात, त्यामुळे तो कुठून गेला हे कोणालाही दिसतं.

३. तळघरात सेन्ट्री असेल तर ब्रीफकेस विसरा, पहिली फेरी सेन्ट्री फोडायला वापरा. डेमोमॅन आणि मेडिक उबर घेऊन जातात, सेन्ट्री, डिस्पेन्सर, आणि जमलं तर टेलिपोर्टरही फोडतात. इंजिनिअरला सेन्ट्री १३० मेटलला बांधावी लागते आणि तिसऱ्या लेव्हलपर्यंत न्यायला वर ४०० मेटल, तो तेवढं गोळा करेपर्यंत तुमची दुसरी फेरी आत असायला हवी.

४. परत येताना पूल टाळा. खालचं पाणी हळू वाटतं पण स्नायपरची थेट नजर तिथे कमी पोचते. सोबतचा माणूस पुढे नाही, मागे राहतो, कारण धोका पाठलाग करणाऱ्यांचा आहे.

५. उचलणारा हळू क्लास असेल तर ती पुढे द्या. ब्रीफकेस खाली टाकायची डीफॉल्ट की `L` आहे. हेवीचा वेग साध्या क्लासच्या सुमारे ७७ टक्के, स्काउटचा १३३ टक्के, म्हणजे हेवीने आतून उचलून दारापर्यंत आणली आणि तिथे उभ्या स्काउटला दिली तर उरलेला अर्धा रस्ता जवळपास निम्म्या वेळात संपतो. ही एवढी साधी गोष्ट पब्लिक सर्व्हरवर जवळजवळ कोणीच करत नाही.

इशारा: कॅप्चर झाल्याबरोबर तुमच्या टीमला १० सेकंद क्रिट्स मिळतात, म्हणजे प्रत्येक गोळी तिप्पट मारते. ते १० सेकंद ब्रीफकेस आणणाऱ्याच्या कौतुकात घालवू नका. मधल्या भागातले लोक कॅप्चरच्या दोन सेकंद आधीच दारात तयार असले तर त्या दहा सेकंदांत समोरचा अख्खा डिफेन्स झोपतो आणि दुसरी ब्रीफकेस उचलायला रस्ता मोकळा. कॅरियर घराजवळ आला की माइकवर सांगा, "आणतोय, पुढे जा".

इथे थांबणं फुकट असल्यामुळे सीटीएफ रटाळ होतो ही तक्रार खरी आहे. दोन्हीकडे तीन-तीन इंजिनिअर बसले तर वीस मिनिटं ०-० जाऊ शकतात. पण म्हणूनच इथे हल्ल्याला पूर्ण तयारीने जायची चैन परवडते: उबर भरायची वाट बघा, सहा जण जमायची वाट बघा, कोणी तुमचं काही काढून घेत नाहीये. फक्त दोन-तीन जण मागे बेसमध्ये ठेवा, नाहीतर तुम्ही जमत असताना समोरचा स्काउट तुमची घेऊन जाईल.

## टप्पा ४: किंग ऑफ द हिल, सगळं घड्याळात वाचा

मधे एक पॉइंट. दोन्ही टीम्सना ३:०० मिनिटांचं घड्याळ. पॉइंट ज्याच्याकडे त्याचं घड्याळ उतरतं, हातातून गेला की तिथेच थांबतं, परत मिळाला की तिथूनच पुढे. आधी शून्यावर पोचेल तो जिंकला. सुरुवातीला पॉइंट लॉक असतो, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत त्यावर उभं राहून काही मिळत नाही, त्या वेळात आजूबाजूची उंच जागा धरा. व्हायाडक्टसारख्या मॅपवर पॉइंटच्या भोवतीचे कडे आणि इमारती ज्याच्या ताब्यात, त्याला पॉइंट आपोआप मिळतो.

पॉइंटवर किती जणांनी उभं राहायचं. कॅप्चरचा वेग माणसांच्या संख्येइतका वाढत नाही. एक माणूस म्हणजे १, दोन म्हणजे १.५, तीन म्हणजे साधारण १.८३. चौथा आला तर फक्त पाव वाढ. म्हणून पॉइंटवर दोन किंवा तीन, बाकी सगळे पॉइंटच्या पुढे, समोरचे जिथून येणार त्या तोंडावर. आठ जण पॉइंटवर गर्दी करून उभे असतील तर समोरच्या डेमोमॅनला एवढं सोपं काम दुसरं कुठलं मिळणार नाही.

कॅप्चर झाल्यावर. सगळ्यात महागडी चूक इथे होते. पॉइंट आपला झाला की घड्याळ आपलं काम करतंय, पण लोक जोशात समोरच्याच्या स्पॉनपर्यंत पळतात, तिथे एकेक करून मरतात, आणि समोरचे बारा जण मिळून रिकाम्या पॉइंटवर येतात. पॉइंट आपला असताना थांबणं आपल्याला फुकट आहे, नुसतं फुकट नाही, आपण त्यावर कमावतोय. त्यामुळे समोरच्या स्पॉनकडे न जाता पॉइंट आणि त्यांचा रस्ता यांच्या मधल्या जागेत राहा, आणि मागे डिस्पेन्सर असेल तिथून फार लांब जाऊ नका.

आता उदाहरण, पूर्ण. आपलं घड्याळ ०:४०, समोरच्याचं २:१०, पॉइंट त्यांच्याकडे. आत्ताच आपले चार जण मेले. पब्लिक सर्व्हरवर उरलेले आठ जण लगेच एकेकटे पॉइंटकडे धावतात कारण "पॉइंट त्यांच्याकडे आहे" एवढंच दिसतं. घड्याळ वाचा: त्यांना जिंकायला अजून १३० सेकंद हवेत, आपल्याला ४०. मेलेले चार जण परत येऊन चालत पोचायला समजा अर्धा मिनिट, मेडिकचा उबर ५० टक्क्यांवर आहे म्हणजे जखमी लोकांवर लावला तर २० सेकंद. म्हणजे अर्धा मिनिट थांबलो तर त्यांचं घड्याळ १:४० वर येईल, आणि आपण बारा जण, उबर फुल. हा सौदा दहापैकी दहा वेळा घ्यायचा. मागे जमा, दिसू नका, आणि उबर फुल झाला की सगळे एकाच रस्त्याने, दोघं स्काउट किंवा सोल्जर दुसऱ्या बाजूने. उबरवाले पॉइंटच्या पलीकडे जाऊन लोकांना ढकलतात, आणि पॉइंटवर पाय ठेवतात ते बाकीचे.

आता तीच परिस्थिती, पण समोरच्याचं घड्याळ ०:१२. इथे जमायला वेळच नाही. बारा सेकंदांत कोणीतरी पॉइंटवर असलं पाहिजे, कारण घड्याळ शून्यावर आलं त्या क्षणी आपला माणूस पॉइंटवर असेल तरच ओव्हरटाइम मिळतो, नसेल तर राउंड संपला. इथे एकटा स्काउट धावत जाऊन मेला तरी चालेल, फक्त त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा असा ओघ तुटता कामा नये. सीटीएफमध्ये जी चूक, तीच इथे शेवटच्या बारा सेकंदांत बरोबर चाल.

इशारा: ओव्हरटाइममध्ये पॉइंट परत घेतला म्हणजे जिंकलो असं नाही. समोरच्याचं घड्याळ ०:०० वर अडकलंय, त्यांनी एकदा जरी पॉइंट परत घेतला की खेळ तिथेच संपतो. आपल्याला मात्र आपले उरलेले ४० सेकंद पूर्ण धरून ठेवायचेत. म्हणून परत घेतल्यावर एकही माणूस पाठलागाला जाऊ नये, इंजिनिअरने पहिली गोष्ट म्हणजे पॉइंट दिसेल अशी सेन्ट्री लावावी, लेव्हल एकची असली तरी चालेल.

तपासणी: दर वेळी मेलात की स्पॉन होईपर्यंत दोन्ही घड्याळं बघा आणि एक वाक्य चॅटमध्ये टाका: "त्यांचे ९० राहिले, थांबा, जमा" किंवा "१५ राहिले, टच करा". टीममधलं कोणी बोलत नसलं तरी लोक वाचतात, आणि चारजण जरी थांबले तरी पुश वेगळा होतो.

## टप्पा ५: पेलोड, ब्लू टीमकडून

ब्लू टीमने कार्ट रुळावरून शेवटपर्यंत ढकलायची, मधे चेकपॉइंट, प्रत्येक चेकपॉइंटला वेळ वाढतो. कार्टजवळ एक माणूस असला तर ती हळू चालते, दोन असले तर जास्त, तीन म्हणजे पूर्ण वेग, स्क्रीनवर `x1`, `x2`, `x3` दिसतं. तिनाच्या वर कितीही आले तरी वेग वाढत नाही. एक स्काउट आणि एक दुसरा कोणी म्हणजेच `x3`. रेड टीमचा एक माणूस जरी कार्टला चिकटला तरी ती जागच्या जागी थांबते. कार्ट ढकलणाऱ्यांना हेल्थ आणि गोळ्याही देते, पहिल्या लेव्हलच्या डिस्पेन्सरसारखी, म्हणून जखमी माणसाने लांब हेल्थ पॅक शोधत फिरण्यापेक्षा कार्टवर यावं.

१. सेटअप टाइम. गेट उघडायच्या आधी उबर फुल असायलाच हवा, वेग तिप्पट असल्यामुळे सहज होतो. सोल्जर किंवा डेमोमॅन स्वतःच्या पायावर स्फोट करून हेल्थ कमी करतो आणि मेडिक त्याच्यावर लावतो, ही रोजची पद्धत आहे. इंजिनिअरने टेलिपोर्टरचं एंट्रन्स स्पॉनच्या दारात लावून ठेवायचं, एक्झिट नंतर पुढे न्यायचं.

२. गेट उघडल्यावर कार्टकडे सगळ्यांनी पळायचं नाही. आधी तीन-चार जण पुढे जाऊन पहिली सेन्ट्री आणि उंच जागा साफ करतात, कार्टवर दोघं पुरे. कार्ट स्वतः सगळ्यांना सांगते की हल्ला कुठून येतोय, म्हणून तिच्या पुढे तुमचे लोक नसतील तर ती वळणावर जाऊन थांबणारच.

३. कार्ट एकटी सोडू नका, पण तिच्यासाठी मरूही नका. ३० सेकंद कोणी हात लावला नाही तर ती मागे सरकायला लागते, गेल्या चेकपॉइंटपर्यंत. पुश फसला तर एकाने मागे लपून राहायचं आणि पंचविसाव्या सेकंदाच्या आत एकदा स्पर्श करून परत लपायचं. घड्याळ पुन्हा तीस. या एका माणसामुळे मागच्या पुशने कमावलेलं सगळं अंतर वाचतं.

४. घड्याळाचे पुशमध्ये तुकडे करा. उदाहरण घ्या: १:१५ उरलेत, कार्ट तिसऱ्या चेकपॉइंटच्या अलीकडच्या वळणावर अडकली, पुढे दोन सेन्ट्री, आपले पाच मेलेले, उबर ६० टक्के. एक पूर्ण पुश म्हणजे मरणं, परत येणं, चालत पोचणं, साधारण ३५ ते ४० सेकंद. म्हणजे आपल्याकडे दोनच पुश आहेत. आत्ता सात जणांनी घुसलो तर एक वाया गेला. २० सेकंद थांबलो तर उबर फुल होतो, मेलेले पाच येऊन मिळतात, आणि ०:५५ ला आपण बारा जण घुसतो. तो फसलाच तर दुसरा पुश बरोबर शून्याच्या आसपास पडतो, म्हणजे ओव्हरटाइमला लोक कार्टवर असतात. पण ०:५५ च्या ऐवजी ०:३० ला घुसलात तर दुसरा पुश मिळतच नाही. इथे किंग ऑफ द हिलसारखं अर्धा मिनिट आरामात थांबता येत नाही, कारण घड्याळ सगळं तुमचंच जळतंय.

५. सेन्ट्रीवर पाठोपाठ. उबरने सेन्ट्रीसमोर उभं राहून गोळ्या आपल्या अंगावर घ्यायच्या, आणि मागचा डेमोमॅन तिच्यावर स्टिकी टाकून फोडतो. तेवढ्यात स्पायने सॅपर लावला तर दुसरीही जाते. पण सॅपर उबरच्या आधी नाही, बरोबर लावायचा, आधी लावला तर इंजिनिअर तो काढतो आणि सावध होतो.

६. ओव्हरटाइम. वेळ संपली तरी कार्टजवळ कोणी असेल तोपर्यंत खेळ चालतो, कार्ट काही सेकंद मोकळी राहिली की संपला. इथे मेडिकने उबर स्वतःजवळच्या कार्टवाल्याला देऊ नये, टप्पा २ आठवा, अभेद्य माणूस कार्ट ढकलत नाही. उबर पुढे जाणाऱ्याला, कार्टवर साधे लोक.

इशारा: स्नायपर तीन, स्पाय चार आणि कार्टवर शून्य, अशी ब्लू टीम दिसली तर दुसऱ्या कोणाच्या बदलायची वाट बघू नका. तुम्ही मेडिक, हेवी किंवा डेमोमॅन घ्या, आणि कार्टवर या.

## टप्पा ६: पेलोड, रेड टीमकडून

रेडसाठी थांबणं फुकट आहे, म्हणून रेडने पुढे पळायचं काहीच कारण नाही. तरी दर राउंडला अर्धी रेड टीम ब्लूच्या स्पॉनसमोर मरताना दिसते. तुम्ही एक मारलात आणि एक मेलात, हा सौदा बरोबरीचा वाटतो, पण तुम्ही लांब मेलात तर परत पोचायला वेळ लागतो आणि मधल्या वेळात कार्ट सरकते. कार्टच्या थोडं पुढे, वळणाच्या आडोशाला, डिस्पेन्सरच्या आसपास उभे राहा, त्यांना तुमच्याकडे यायला लावा.

सेन्ट्रीची जागा निवडताना नेहमीची चूक म्हणजे लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला ती लावणं. सेन्ट्री साधारण ११०० युनिटपर्यंतच बघते, डेमोमॅन, सोल्जर आणि स्नायपर त्याच्या बाहेरून आरामात मारतात. कोपऱ्यावरून वळून आल्यावरच दिसेल अशी जागा हवी, म्हणजे तिला फोडायला यायचं तर तिच्या टप्प्यात यावंच लागेल. डेमोमॅनने आठही स्टिकी रुळाच्या वळणावर टाकून नजर ठेवावी आणि तीन जण कार्टवर आले की उडवावं, पहिल्या दिसलेल्या माणसावर नाही.

मागे कधी हटायचं. हे चुकलं की एका चेकपॉइंटबरोबर दोन जातात. कार्ट चेकपॉइंटच्या तोंडाशी आहे, आपले चार उरलेत, त्यांचा उबर नुकताच लागलाय, हे दिसलं की तो चेकपॉइंट गेला असं धरा. इंजिनिअरने सेन्ट्री उचलून त्या क्षणी पुढच्या जागी न्यायची, तिथे बसवेपर्यंत त्यांना वाट चालायची असते. बाकीच्यांनी जिवंत मागे जायचं. चौघांनी तिथेच मरून अडवायचा प्रयत्न केला तर दहा सेकंद मिळतील, आणि मग कार्ट पुढच्या चेकपॉइंटकडे जाताना समोर कोणीच नसेल. शिवाय चेकपॉइंटने ब्लूला वेळ वाढवून मिळालाय.

अपवाद एकच, आणि तो शेवटचा पॉइंट. तिथे मागे हटायला जागा नाही, त्यामुळे कार्टला चिकटणं हेच काम. पण चिकटणारा मरण्यापूर्वी दुसरा निघालेला हवा, आणि उबर लागलेला हेवी कार्ट अडवू शकतो, पण फक्त ते आठ सेकंद. त्यामुळे कार्टवर दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे जाऊन त्यांचा मेडिक मारायचा, कार्टवर साधा पायरो किंवा इंजिनिअर रेंच घेऊन उभा राहिला तरी ती थांबते.

तपासणी: रेडमध्ये असताना दर चेकपॉइंट गेल्यावर तीन गोष्टी बघा: सेन्ट्री पुढच्या जागी उभी आहे का, मेडिक जिवंत आहे का, आणि किमान आठ जण कार्टच्या पुढे आहेत का. यातलं एक जरी नसलं तर पुढच्या वीस सेकंदांत पुढे जाऊन किल शोधू नका, तेवढा वेळ ब्लूचाच जातोय.